भिजलेला माल, अडलेली डीओ आणि दोन भाषांतले एक पत्र

फ्रेट फॉरवर्डरला पाठवलेले तक्रारपत्र नावाला तक्रारीचे असते. प्रत्यक्षात ती दाव्याची नोटीस असते. माल भिजला, फुटला किंवा कमी आला हे फोनवर कितीही वेळा सांगितले तरी त्याची कुठे नोंद राहत नाही. ठरावीक मुदतीत लेखी कळवले नाही, तर कायदा असे धरून चालतो की बिलात लिहिल्याप्रमाणे माल सुस्थितीत मिळाला. मग तो तसा नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येऊन पडते. समुद्रमार्गे आलेल्या मालाच्या बाबतीत नुकसान वरून दिसत असेल तर ताबा घेतानाच, आणि पेटीच्या आत दडलेले असेल तर ताब्यापासून तीन दिवसांत कळवावे लागते. विमानाने आलेल्या मालाला चौदा दिवस मिळतात, नुसत्या उशिराच्या तक्रारीला एकवीस.

महाराष्ट्रात असे पत्र पुष्कळदा मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत लिहावे लागते. माल मागवणारा इचलकरंजीचा, मालेगावचा किंवा भिवंडीचा असतो. त्याचा ट्रकवाला, गोदामाचा कारकून आणि फॉरवर्डरच्या मुंबई कचेरीतला डिलिव्हरीचा माणूस मराठीत व्यवहार करतात. पण फॉरवर्डरचा परदेशी एजंट, जहाज कंपनी आणि विमा कंपनीचा दावा विभाग इंग्रजी कागद मागतात. दोन भाषांत लिहिताना दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या जाण्याचा धोका असतो, आणि दावे त्या फटीतूनच निसटतात.

हे नीट कळायला एक उदाहरण तपशिलात पाहावे लागेल. ते कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा न्हावा शेव्याला नेहमी घडणारा आहे.

इचलकरंजीच्या एका कारखानदाराने रेपियर मागांसाठी इटलीहून ४८ वेफ्ट फीडर मागवले. वेफ्ट फीडर म्हणजे बाण्याचे सूत ठरावीक ताणाने मागाला पुरवणारे छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र. माल थोडा, म्हणून तो एलसीएलने निघाला, म्हणजे एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल. प्रत्येक फीडर वेगळ्या खोक्यात, चोवीस खोक्यांचे एक पॅलेट, अशी दोन पॅलेट जेनोवाहून निघाली. अशा व्यवहारात बिले दोन असतात. जहाज कंपनी फॉरवर्डरला मास्टर बिल देते आणि फॉरवर्डर कारखानदाराला स्वतःचे हाउस बिल देतो. कारखानदाराच्या हातात फक्त हाउस बिल असते.

कंटेनर ४ जूनला उरणजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, उघडला गेला. ५ जूनला कारखानदाराच्या माणसाने फॉरवर्डरच्या कचेरीत सगळे शुल्क भरले आणि मूळ हाउस बिल जमा केले. त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली डीओ, मिळायला हवी होती. ती मिळाली १४ जूनला. आधी सिस्टिम बंद असल्याचे सांगितले गेले. मग एका ईमेलमध्ये खरे कारण आले: मागच्या एका मालाचे ३८,००० रुपये येणे आहेत. या नऊ दिवसांत जूनचा पहिला मोठा पाऊस होऊन गेला. सीमाशुल्काचे सोपस्कार उरकून १७ जूनला माल ताब्यात आला, तेव्हा दुसऱ्या पॅलेटची खालची खोकी ओलसर होती आणि प्लास्टिकच्या आवरणाच्या आतून पाण्याचे थेंब दिसत होते.

इथे पहिली कसोटी गेटवर लागते. गेटपासवर किंवा डिलिव्हरी चलनावर ट्रकवाल्याने नुसती सही केली तर तो स्वच्छ पावतीचा पुरावा होतो आणि पुढच्या पत्राचा अर्धा जीव तिथेच जातो. सहीच्या वर एक ओळ लिहून घ्यावी: ‘पॅलेट क्र. २ ची खालची खोकी ओली, आतल्या मालाची तपासणी बाकी.’ ही ओळ मराठीत चालते. ती लिहायला फॉरवर्डरची परवानगी लागत नाही. गेटवरचा माणूस नको म्हणाला, तर मोबाइलवर पॅलेटचा, खोक्यावरच्या खुणेचा आणि गेटपासचा फोटो घेऊन तो तिथूनच फॉरवर्डरला ईमेल करावा. ईमेलवर उमटलेली वेळ पुढे कामाला येते.

१८ जूनला इचलकरंजीत खोकी उघडली. चोवीसपैकी नऊ फीडरांच्या सर्किटवर पांढरट-हिरवा गंज चढला होता. लगेच विमा कंपनीला कळवून सर्वेअर बोलावला आणि फॉरवर्डरलाही संयुक्त पाहणीला येण्याचे लेखी आमंत्रण दिले. या आमंत्रणाला फार महत्त्व आहे. ताबा घेताना दोन्ही पक्षांनी मिळून पाहणी केली असेल, तर जहाजवाहतुकीच्या नियमांनुसार वेगळ्या नोटिशीचीही गरज उरत नाही. फॉरवर्डरचा माणूस आला नाही, तरी त्याला बोलावले होते हे कागदावर राहते.

सर्वेअर सगळ्यात आधी पाणी कुठले ते शोधतो. त्याच्या बॅगेत सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली असते. ओल्या पुठ्ठ्यावर किंवा गंजावर दोन थेंब टाकले आणि दुधासारखी पांढरी साय उमटली, तर तिथे क्षार आहेत, म्हणजे समुद्राच्या पाण्याचा संशय. काहीच उमटले नाही, तर पाणी गोडे, म्हणजे पावसाचे किंवा कंटेनरच्या छतावर साचून ठिबकलेल्या वाफेचे. या दोन थेंबांवर दाव्याची दिशा ठरते. समुद्राचे पाणी असेल तर बोट जहाजाच्या प्रवासाकडे वळते. गोडे असेल तर सीएफएसच्या उघड्या आवाराकडे, आणि मग माल तिथे नऊ दिवस का पडून राहिला या प्रश्नाकडे. या उदाहरणात पांढरे काही उमटले नाही. नुकसान आणि उशीर या दोन वेगळ्या तक्रारी इथे एकमेकींत गुंतल्या.

तरीही पत्रात त्या वेगळ्याच ठेवायच्या. कारण त्यांचे कायदे, पुरावे आणि पैसे देणारे वेगवेगळे असतात. मालाचे नुकसान विमा कंपनी भरून देऊ शकते. पण प्रचलित सागरी विमा कलमांत केवळ उशिरामुळे झालेला तोटा वगळलेला असतो, मग उशिराचे कारण विम्यात बसणारे असले तरी. त्यामुळे नऊ दिवसांचे सीएफएसचे भाडे मिळाले तर फॉरवर्डरकडूनच मिळेल. दोन्ही मागण्या एकाच रकमेत मिसळल्या, तर विमा कंपनी सगळ्याच दाव्याकडे संशयाने पाहते आणि फॉरवर्डरला ‘हा विम्याचा विषय आहे’ असे म्हणून हात झटकता येतात.

आता पत्राची भाषा. मराठी कचेरीत अर्ज लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे: ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या मालाचे बरेच नुकसान झाले असून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी.’ हे वाक्य सौजन्यपूर्ण आहे, पण दाव्यात त्याचा उपयोग शून्य. ‘बरेच’ म्हणजे किती, ‘लवकरात लवकर’ म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत आणि ‘योग्य ती’ म्हणजे नेमके काय, यातले एकही उत्तर त्यात नाही. शिवाय ही विनंती आहे. जबाबदारी तुमची आहे असे तिच्यात कुठेच म्हटलेले नाही.

त्याहून अवघड गोष्ट ‘नुकसान’ या शब्दाची. मराठीत माल फुटला तरी नुकसान, हरवला तरी नुकसान, धंद्यात तोटा झाला तरी नुकसान. इंग्रजी पत्रात मात्र डॅमेज म्हणजे मालाची मोडतोड किंवा खराबी, शॉर्टेज म्हणजे कमी भरलेला नग, लॉस म्हणजे गेलेला माल किंवा पैशाचा तोटा, आणि डॅमेजेस म्हणजे मागितलेली भरपाई. मराठी मसुद्यात ‘नऊ नगांचे नुकसान’ लिहिले आणि भाषांतर करणाऱ्याने ते ‘लॉस ऑफ नाइन पीसेस’ केले, तर परदेशातला एजंट नऊ नग गहाळ झाले असे समजतो आणि त्याचा शोध भलतीकडे जातो. म्हणून मराठीतही शब्द फोडून लिहावे: ‘खराब झालेले नग ९, कमी आलेले नग नाहीत.’

उशिराच्या बाबतीतही तेच. बोलताना सगळ्यालाच डॅमरेज म्हणतात. पण सीएफएसच्या गोदामात माल पडून राहिल्याचे भाडे, बंदरातले डॅमरेज आणि जहाज कंपनीचा रिकामा कंटेनर वेळेत परत न केल्याचे डिटेन्शन ही तीन वेगळी बिले असतात. एलसीएलमध्ये डिटेन्शनचा प्रश्नच सहसा येत नाही, कारण कंटेनर एकट्याचा नसतो. पत्रात ज्या बिलाची पावती हातात आहे तेच नाव लिहावे.

या उदाहरणातल्या मराठी पत्राचा गाभा असा असेल:

‘विषय: हाउस बिल क्र. … खालील मालाच्या खराबीबद्दल दाव्याची नोटीस, तसेच डिलिव्हरी ऑर्डर उशिरा दिल्याबद्दल मागणी.

१. सदर माल आम्ही १७ जून रोजी सीएफएसमधून ताब्यात घेतला. पॅलेट क्र. २ ची खोकी ओली असल्याची नोंद गेटपासवर केली आहे. (जोडपत्र १)

२. १८ जून रोजी उघडलेल्या खोक्यांत २४ पैकी ९ वेफ्ट फीडर पाण्याने खराब झालेले आढळले. नगांचे अनुक्रमांक व फोटो सोबत आहेत. (जोडपत्र २) कारणाचा अंतिम निष्कर्ष सर्वेअरच्या अहवालात येईल.

३. या खराबीसाठी आम्ही आपल्याला जबाबदार धरतो. बीजकाप्रमाणे ९ नगांची किंमत २,८८,००० रुपये आहे. दुरुस्ती शक्य झाल्यास रक्कम कमी केली जाईल.

४. याव्यतिरिक्त, ५ जून रोजी शुल्क व मूळ बिल मिळूनही आपण डिलिव्हरी ऑर्डर १४ जून रोजी दिली. या ९ दिवसांचे सीएफएस भाडे १४,४०० रुपये आम्ही भरले आहे. (जोडपत्र ३) आधीच्या मालाच्या बाकीसाठी हा माल रोखण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या कलमाने मिळाला, ते लेखी कळवावे.

५. वरील दोन्ही मागण्यांचे लेखी उत्तर ५ जुलैपर्यंत द्यावे. आमचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत.’

तिसऱ्या परिच्छेदात पावसाचा किंवा समुद्राचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. कारण स्वतःहून ठरवून टाकले आणि पुढे अहवाल वेगळा निघाला, तर आपलेच पत्र आपल्या विरुद्ध उभे राहते. काय दिसले ते लिहावे. का झाले ते सर्वेअरवर सोडावे.

चौथ्या परिच्छेदातला प्रश्नही नेमका आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये सगळ्या जुन्या बाकीपोटी माल अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क बँका, फॅक्टर, धक्का चालवणारे, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल अशा मोजक्यांनाच दिलेला आहे. इतरांना तो स्पष्ट कराराशिवाय मिळत नाही. फॉरवर्डर त्या यादीत नाही. मात्र हाउस बिलाच्या मागच्या बारीक अक्षरांत तसे कलम बहुधा असते. म्हणून आरोप करण्यापेक्षा कलम विचारलेले बरे. उत्तरात कलम आले तर ते वाचता येते; नाही आले तर मुद्दा तिथेच निकाली निघतो.

इंग्रजी पत्र हे याचे ओळीला ओळ भाषांतर नसले तरी परिच्छेदांचे क्रमांक तेच हवेत, म्हणजे परदेशी एजंटने पॅरा फोरला दिलेले उत्तर मराठी पत्राच्या चौथ्या परिच्छेदाशी जुळते. विषयाच्या ओळीत ‘कम्प्लेंट’ न लिहिता ‘नोटिस ऑफ क्लेम’ लिहावे. तिसऱ्या परिच्छेदात ‘वुई होल्ड यू लायेबल’ हे साधे वाक्य पुरते. ‘काइंडली डू द नीडफुल’ टाळावे. रकमांचे स्वल्पविराम सांभाळावे लागतात: २,८८,००० हा आकडा इटलीतल्या माणसाला चुकीचा छापलेला वाटतो, म्हणून इंग्रजी प्रतीत रक्कम अक्षरी लिहावी किंवा बीजकाच्या चलनात, युरोत, द्यावी. तारखेतही महिना अक्षरी हवा. ५/७ म्हणजे काहींना ५ जुलै, काहींना ७ मे. आणि शेवटी दोन्ही प्रतींत एक ओळ: अर्थात फरक दिसल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा. मराठी माणसाला ही ओळ जरा खटकते. पण दावा शेवटी इंग्रजी बिलाच्या कलमांवर लढवला जाणार असेल, तर दुसरा पर्याय सोयीचा नाही.

अनेक जण सवयीने पत्राच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहितात, कायदेशीर दिसते म्हणून. ही मोठी चूक ठरू शकते. हा शिक्का तडजोडीच्या बोलण्यांसाठी असतो. त्यातली कबुली पुढे पुरावा म्हणून वापरली जाऊ नये हा त्याचा हेतू. नोटिशीचा तर सगळा उपयोगच पुरावा म्हणून आहे. तिच्यावर हा शिक्का मारला, तर ती पुराव्यात घ्यायची की नाही यावरच वाद सुरू होऊ शकतो. ‘सर्व हक्क राखून’ आणि ‘विदाउट प्रेज्युडिस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटिशीला पहिली पुरते.

पत्र कोणाला, हे ठरवताना हाउस बिलाच्या खालची सही पाहावी. फॉरवर्डरने ‘ॲज कॅरिअर’ अशी सही केली असेल तर वाहतूकदार तोच, आणि मालाची जबाबदारी त्याची. ‘ॲज एजंट’ असेल तर वाहतूकदार दुसरा कुणी असतो आणि त्याचे नाव बिलावर शोधावे लागते. खात्री नसेल तर पत्र फॉरवर्डरला, प्रती जहाज कंपनी, सीएफएस आणि विमा कंपनीला. प्रत पाठवायला खर्च काहीच येत नाही, पण न पाठवल्यास तीन दिवसांची मुदत त्या पक्षापुरती निघून जाते. ईमेल लगेच, आणि त्याच दिवशी छापील प्रत पोचपावतीसह टपालाने.

भरपाई किती मिळेल, याचे उत्तर पत्रापेक्षा बिलातल्या एका ओळीत असते. नुकसान समुद्रप्रवासात झाल्याचे निघाले, तर इटलीहून निघालेल्या मालाला हेग-व्हिस्बी नियम लागतात. त्यांत वाहतूकदाराची जबाबदारी प्रत्येक नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा प्रत्येक किलोला २ एसडीआर, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्यापुरती मर्यादित आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. त्याचा भाव रोज बदलतो, हिशेबापुरता तो ११५ रुपये धरू. बिलात ‘२ पॅलेट’ एवढेच लिहिले असेल तर नग म्हणजे पॅलेट. पॅलेटचे वजन २३० किलो, म्हणजे किलोच्या हिशेबाने ४६० एसडीआर, म्हणून नगाचा आकडा लागू होतो आणि २,८८,००० रुपयांच्या मालाला मर्यादा पडते सुमारे ७६,६६७ रुपयांची. बिलात ‘२ पॅलेट, ४८ खोकी’ असे असेल तर नग म्हणजे खोके. मग खराब झालेल्या नऊ खोक्यांची मर्यादा सगळ्या नुकसानीपेक्षा मोठी होते आणि पूर्ण रक्कम मागता येते. हे शब्द माल निघताना लिहून घ्यायचे असतात. नंतर कितीही कडक पत्र लिहून ते बिलात शिरत नाहीत.

नुकसान गोड्या पाण्याचे आणि सीएफएसच्या आवारातले निघाले, तर हिशेब बदलतो. जहाजातून माल उतरल्यावरचा काळ या नियमांच्या बाहेर जाऊ शकतो. तिथे हाउस बिलाची कलमे आणि गोदामाची जबाबदारी पाहावी लागते, आणि चौथ्या परिच्छेदातला नऊ दिवसांचा उशीर थेट तिसऱ्या परिच्छेदातल्या खराबीचे कारण म्हणून मांडता येतो. पत्रात दोन्ही गोष्टी स्वतंत्र, तारखांसह नोंदलेल्या असल्यानेच हा दुवा पुढे जोडता येतो.

माग बंद राहिल्याने बुडालेल्या कापडाच्या ऑर्डरीची भरपाई मागण्याचा मोह होतो. पण करार करताना दोन्ही पक्षांना ठाऊक नसलेला दूरचा तोटा करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये बसत नाही. ती रक्कम मोठी दिसते आणि बाकीच्या खऱ्या मागणीचीही पत घालवते.

फॉरवर्डरकडून उत्तर आलेच, तर बहुधा १४,४०० रुपयांची सूट ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ म्हणून देऊ करणारे येते. विमा कंपनीला विचारल्याशिवाय त्यावर सही करू नये. विमा कंपनी दावा चुकता केल्यावर फॉरवर्डरकडून वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो; तो हक्क आधीच सोडून दिला असेल, तर ती कारखानदाराचा दावा अडवू शकते.

पत्राने मुदत थांबत नाही. हेग-व्हिस्बी नियमांत दावा न्यायालयात दाखल करायला एक वर्ष मिळते, म्हणजे या उदाहरणात पुढच्या १७ जूनपर्यंत. माल फियाटाच्या बिलावर आला असेल तर त्याच्या कलमांनुसार नऊ महिने, म्हणजे १७ मार्च. मधल्या काळात कितीही ईमेल झाले आणि कितीही आश्वासने मिळाली, तरी मुदत वाढवल्याचे समोरच्या पक्षाचे लेखी पत्र हाती नसेल, तर अलीकडची तारीखच खरी धरावी.